टाकी कोणत्या भाषेत धुतात?

हाउसिंग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाषेचा तंटा भाषेवरून कधीच सुरू होत नाही. तो पाण्यावरून सुरू होतो. गच्चीवरची टाकी धुवायची आहे, पाणी बंद राहणार आहे. त्यावर एक जण मराठीत विचारतो, दुसरा हिंदीत, तिसरी इंग्रजीत. तिघांचा प्रश्न एकच असतो, बादल्या भरून ठेवायच्या का? सेक्रेटरी बिचारा तिघांना तीन भाषांत उत्तर देतो. तेवढ्यात चौथा उगवतो आणि म्हणतो, एकाच भाषेत बोलायला काय होतं? इथून पुढे पाणी बाजूला पडतं. ग्रुपवर राज्यघटना येते, संयुक्त महाराष्ट्र येतो, ‘वी आर ऑल इंडियन्स’ येतं, झेंडे येतात, हात जोडलेले येतात. टाकी धुणारी माणसं मात्र गेटवरून परत जातात, कारण गच्चीची किल्ली कोणाकडे आहे हे कोणीच कोणत्याच भाषेत सांगितलेलं नसतं.

मी ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांबद्दल बोलतोय. वाकडला किंवा खारघरला राहत असाल तर रस्त्याचं नाव बदलून वाचा, बाकी काही बदलावं लागणार नाही.

या वादात पहिला गोंधळ असा, की ‘ग्रुपची भाषा एक करू या’ असं कोणी म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, आपलं तोंड बांधायला निघालेत. आणि वाटतं त्यात चूक नाही. म्हणणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा तेच असतं. वास्तविक ठरवायची असते ती कमिटीच्या उत्तराची भाषा. सभासदांनी हिंदीत विचारावं, इंग्रजीत विचारावं, हवं तर अवधीत विचारावं. सोसायटीच्या वतीने जो उत्तर देतो, सेक्रेटरी असो, खजिनदार असो की ॲडमिन, त्या दोन-चार माणसांनीच एक भाषा धरायची. नियम चार जणांना लागू होतो, चारशे जणांना नाही. एवढं एक वाक्य सुरुवातीलाच टाकलं तर राज्यघटनेची पहिली खेप तरी टळते.

आता सभ्य माणसाला सुचणारा पहिला उपाय म्हणजे ज्या भाषेत प्रश्न त्या भाषेत उत्तर. ऐकायला इतका गोड, की त्याला विरोध करणारा उद्धटच वाटावा. पण समोरासमोर हे चालतं आणि ग्रुपवर फसतं, कारण ग्रुपवर एकाला दिलेलं उत्तर सगळे वाचतात. मराठी उत्तरात लिहिलं, ‘चारपर्यंत पाणी येईल’. हिंदीत घाईघाईत लिहिलं, ‘चार-पाँच बजे तक’. इंग्रजीत खबरदारी म्हणून लिहिलं, ‘बाय ईव्हनिंग’. तिन्ही एकाच सेक्रेटरीची, एकाच पाच मिनिटांतली. दुपारी साडेचारला तिन्हींचे स्क्रीनशॉट शेजारीशेजारी लावून ग्रुपवर येतात आणि खाली एकच प्रश्न असतो, नक्की कोणतं खरं? पाण्याची वेळ बदलली तर आणखी पंचाईत. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज दुरुस्त करायला पंधरा मिनिटं मिळतात. त्यात मराठीचा दुरुस्त होतो, हिंदीचा राहतो, आणि ज्याच्याकडे हिंदीचा राहतो त्याला वाटतं, आपल्याला मुद्दाम अंधारात ठेवलं.

दुसरा उपाय म्हणजे एकाच मेसेजमध्ये तिन्ही भाषा. हा सरकारी मनाचा उपाय. कोणाला नाही म्हणायचं नाही, म्हणून सगळ्यांना थोडं थोडं द्यायचं. याचे समर्थक नेहमी लोकल गाडीचा दाखला देतात. लोकलमध्ये पुढचं स्टेशन मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत सांगतात आणि कोणी भांडत नाही, मग आपल्याला काय धाड भरलीय? धाड ही भरलीय, की लोकलच्या घोषणेत वाक्य कायमचं ठरलेलं आहे, बदलतं ते फक्त स्टेशनचं नाव. दादरला दादर म्हणायला तिन्ही भाषांत दादरच लागतं. शिवाय लोकलच्या घोषणेला कोणी उलट प्रश्न विचारत नाही. सोसायटीच्या मेसेजला विचारतात. फ्लशचं पाणी चालू राहील का, बी-विंगची टाकीही आजच का, मागच्या वेळी गाळ तसाच राहिला होता त्याचं काय. या प्रत्येकाचं उत्तर तीनदा लिहायला बसलं, तर सेक्रेटरीला घरचे लोक एक दिवस ग्रुपसकट बाहेर काढतील.

आणि एक बारीक गोष्ट. मोबाइल कुलूपबंद असताना पडद्यावर मेसेजच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. लांबलचक मेसेज असेल तर उघडल्यावरही त्याची शेपटी ‘Read more’च्या मागे दडते. तीन भाषांच्या मेसेजात तिसरी भाषा कायम शेपटीत असते. म्हणजे समानतेसाठी केलेल्या मेसेजातही एक जण पहिला आणि एक जण तिसरा असतोच. मग पुढचा वाद, वर कोणती आणि खाली कोणती. एका सोसायटीने यावर उपाय म्हणून दर आठवड्याला क्रम फिरवायचं ठरवलं होतं असं ऐकतो. त्यांच्या टाकीचं पुढे काय झालं ते विचारायची हिंमत झाली नाही.

तेव्हा भाषा एकच हवी, इथपर्यंत माणूस रडतखडत येतो. आता कोणती?

इथे हमखास एक शहाणा हात वर करतो: ‘हिंदी रखो ना, सबको आती है.’ हा युक्तिवाद करणारा बहुतेक वेळा मराठी असतो, हे विशेष. आपल्याला हिंदी येते हा मराठी माणसाचा गोड गैरसमज सिनेमाने घडवला आणि रिक्षावाल्यांनी सोसला. बोलण्यापुरती मुंबईची हिंदी झकास आहे, तिचं मला कौतुकच आहे. पण लिहायची वेळ आली की तिची दोन दुखणी बाहेर येतात. लिंगाची चूक लोक हसून सोडून देतात. ‘पानी आयेगी’ने कोणाचं काही बिघडत नाही. ‘तुम’ने बिघडतं. मराठीतलं ‘तुम्ही’ आदराचं. ते डोक्यात धरून आपला सेक्रेटरी लिहितो, ‘तुम लोग टाइम पे मेंटेनन्स भरो.’ त्याच्या मनात निव्वळ आदर. लखनौहून आलेल्या सी-४०२ मधल्या निवृत्त प्राध्यापकांना मात्र वाटतं, या माणसाने भर चौकात आपल्याला अरेतुरे केलं. ते ‘आप’ आणि ‘भरिए’ची वाट पाहत बसतात. त्यांना राग आलाय हेच सेक्रेटरीला सहा महिने कळत नाही. त्याला वाटतं, हिंदीवाल्यांसाठी आपण एवढी हिंदी लिहितो आणि हे नमस्कारही घेत नाहीत.

म्हणून उत्तराची भाषा निवडताना ‘कोणाला काय समजतं’ याच्याइतकाच ‘लिहिणाऱ्याला कोणत्या भाषेत अदबीने नाही म्हणता येतं’ हा प्रश्न महत्त्वाचा. सोसायटीच्या उत्तरांपैकी निम्मी उत्तरं ‘नाही’ अशीच असतात. पाहुण्यांना पार्किंग नाही, भिंत पाडायला परवानगी नाही, दंड माफ होणार नाही. ज्या भाषेत आपल्याला फक्त होय नीट म्हणता येतं, ती कमिटीच्या कामाची नाही.

इंग्रजीचा पक्ष याच्या उलट. तो म्हणतो, इंग्रजी कोणाचीच नाही म्हणून ती सगळ्यांची. सोसायटीची इंग्रजी तुम्ही वाचली आहे का? तिच्यात कोणी कोणाशी बोलतच नाही. ‘काइंडली नोट’, ‘ॲज ऑलरेडी इन्फॉर्म्ड’, ‘ॲज पर बायलॉज’. साधं ‘उद्या टाकी धुणार’ हे इंग्रजीत गेलं की वकिलाच्या नोटिशीसारखं दिसायला लागतं, आणि लोकही त्याला वकिलासारखीच उत्तरं देतात. वर ती कोणाचीच नाही हेही खरं नाही. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत आणि ज्यांची मुलं अमेरिकेत जायची आहेत, त्यांची ती असते. ए-विंगमधल्या ७८ वर्षांच्या आजींची नसते. आणि सकाळी अकराला नळ कोरडा पडतो तेव्हा घरात आजीच असतात. इंग्रजीवाले तेव्हा बीकेसीत असतात आणि तिथे पाणी चालू असतं.

‘कोणाचीच नाही’ या कल्पनेत मात्र काहीतरी आहे, आणि ते शोधायला फार लांब जावं लागत नाही. सांगलीजवळचं कुपवाड, आज सांगली-मिरज महापालिकेच्या नावात तिसरं आहे ते. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोघांनी १९७१ मध्ये त्या गावाच्या बोलण्यावर एक लेख छापला आणि भाषाशास्त्राच्या जगात हे गाव अजरामर झालं. तिथे जैन घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, दोर वळणाऱ्यांच्या घरांत तेलुगू. घराबाहेर, एकमेकांशी व्यवहार करताना, मराठी. का? मराठी राज्याची भाषा होती हे आहेच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे गावात ज्यांच्या हाती जमीन आणि वजन होतं, त्या कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्यांपैकी कोणाचीच ती घरची भाषा नव्हती. ती घरची होती ती बहुतेक भूमिहीनांची. मराठीत बोललं तर कोणी कोणापुढे वाकल्यासारखं होत नव्हतं. आणि गंमत अशी, की पिढ्यान्‌पिढ्या असं बोलून या भाषांचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्यांची ठेवण इतकी सारखी झाली, की एकाचं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत उचलता यावं.

आमचा ग्रुप बारकाईने पाहिलात तर तिथेही हेच घडताना दिसेल. ‘लिफ्ट बंद है, टेक्निशियन येतोय, प्लीज वेट’ हे वाक्य कोणत्या भाषेतलं आहे, ते कोणीही विचारत नाही आणि सगळ्यांना कळतं. पण कुपवाडचा धडा जसाच्या तसा घोडबंदरला लागत नाही. इथे मराठी ही भूमिहीनांची नाही, कमिटीतल्या सातांपैकी पाच जणांची आहे. म्हणजे मराठी निवडली, की दोन्ही बाजूंना वाटणार, जिंकणाऱ्यांनी आपलीच निवडली. म्हणून ती निवडायची असेल तर मोजून निवडायला हवी, गर्जना करून नव्हे.

मोजायचं कसं, ते लोक हमखास चुकतात. ग्रुपवर मेसेज कोणत्या भाषेत जास्त येतात ते मोजतात. त्यातून कळतं एवढंच, की बोलघेवडे कोण. अडीचशे जणांच्या ग्रुपवर बारा जण लिहितात, बाकीचे वाचतात किंवा वाचल्यासारखं करतात. ज्याला भाषेची अडचण आहे तो लिहीतच नाही, हीच तर त्याची अडचण. दुसरी चूक म्हणजे ग्रुपवर पोल घेणं. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये कोणी काय निवडलं ते नावासकट दिसतं. नावासकट दिसणार म्हटल्यावर माणूस स्वतःला काय वाचता येतं ते सांगत नाही, आपण कोण आहोत ते सांगतो. मराठी अभिमानी मराठीवर बोट ठेवतात, त्यांची मुलं इंग्रजीवर ठेवतात, आणि दोघांनाही एकमेकांचं उत्तर डायनिंग टेबलवर बसून दिसतं.

त्याऐवजी मेंटेनन्सच्या बिलाबरोबर घरटी एक कागद द्यावा आणि त्यावर आवडीनिवडी न विचारता एकच विचारावं: दिवसा घरी जो माणूस असतो, त्याला मदतीशिवाय कोणतं वाचता येतं? हव्या तेवढ्यांवर खूण करा. समजा ४८ बिऱ्हाडं आहेत. कागद परत आले आणि असं निघालं. इंग्रजी १२ घरांना अडते, मराठी १० घरांना, हिंदी ५ घरांना. पाहा, हिंदीच जिंकली, असं म्हणून शहाणा परत हात वर करेल. त्याला बसवा आणि अडणारी घरं कोणती ते पाहा. हिंदी ज्या ५ घरांना अडते त्यांना अडचण हिंदीची नाहीच, देवनागरीची आहे. तमिळ, मल्याळी, बंगाली घरं. तीच ५ घरं मराठीच्या दहांतही आहेत. म्हणजे निव्वळ मराठी अडते ती उरलेल्या ५ हिंदी घरांना, आणि त्यांना अक्षरं येतात. त्या पाचांपुढे एक छोटी मराठी नोटीस ठेवली आणि विचारलं, पाणी कधी बंद, किती वेळ? समजा चौघांनी बरोबर सांगितलं. आता मराठीला अडणारी घरं ६, हिंदीला ५. एका घराचा फरक राहिला. त्या एका घरासाठी कमिटीतल्या पाच मराठी जणांनी ‘आप’ शिकायचं, की त्या एका घराला शेजाऱ्याने दार वाजवून सांगायचं, हा आता गणिताचा प्रश्न राहत नाही. शिवाय महापालिकेची पत्रं मराठीत येतात. पाणी खात्याचा कागद जसा आला तसा, त्याच शब्दांत ग्रुपवर उतरवता येतो, मध्ये कोणी भाषांतरकार लुडबुडत नाही. इंग्रजीची १२ घरं बहुतेक आजी-आजोबांची निघतात, त्यामुळे ती आधीच बाद. निकाल मराठी. पण कसा, तर मोजणीत एका घराने मागे राहून आणि बऱ्याच विचाराने, त्यामुळे मिरवणूक काढण्यासारखं त्यात काही नाही.

आकडे तुमच्या सोसायटीचे वेगळे निघतील आणि निकालही वेगळा निघू शकतो. हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीच्या टीमचा ग्रुप असेल, जिथे काम, ईमेल आणि कागद सगळे इंग्रजीत आहेत, तिथे मराठीचा आग्रह धरणं म्हणजे त्याच गोष्टी दोनदा लिहिणं. आणि घरच्या भावंडांच्या ग्रुपवर एक वहिनी कानपूरची असेल तर मोजणी वगैरे काही करू नका. तिला विचारा.

या मोजणीतून एक गोष्ट मात्र सगळीकडे निघते. भाषा आणि लिपी हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि आपण दोन्हींचा एकच करतो. पाच घरांना मराठी ऐकून कळते, बारा वर्षं भाजीवाल्याशी तीच बोलतात, फक्त वाचता येत नाही. मग रोमन अक्षरांत मराठी लिहू या, असं तरुण मंडळी सुचवतात. त्याने ही पाच घरं सुटतात आणि पन्नाशीच्या पुढचे सगळे अडकतात. वर के-ए-एल अशी तीन अक्षरं आली की मराठी माणूस कालचं वाचतो, हिंदी माणूस उद्याचं, आणि टाकी नक्की धुऊन झाली की व्हायची आहे यावर दोन गट पडतात. तेव्हा अक्षरं देवनागरी, आणि न वाचता येणाऱ्यांसाठी त्याच मजकुराचा वीस सेकंदांचा मराठी आवाज. आवाजात पाल्हाळ नको, मजकूर तोच वाचायचा. सेक्रेटरीला आपला आवाज आवडत असेल तर हे काम खजिनदाराकडे द्यावं.

आकडे मात्र इंग्रजी. हे वाचून काही जणांच्या कपाळावर आठी पडेल, पण ज्याला देवनागरी येत नाही त्याला आपला १ हा 9 वाटतो आणि ५ हा 4 सारखा दिसतो. ‘१ ते ५ पाणी बंद’ हे त्याने ‘9 ते 4’ असं वाचलं तर दोष त्याचा नाही. अभिमान अक्षरांत ठेवावा, वेळ 10 ते 4 अशीच लिहावी. ‘उद्या’ लिहायचंच नाही, वार आणि तारीख लिहायची. रात्री साडेअकराला पाठवलेला ‘उद्या’ सकाळी सातला वाचणाऱ्याला परवा वाटत नाही, पण आजही वाटत नाही.

मराठी ठरली, की खरी परीक्षा सुरू होते. कारण त्या दिवसापासून सेक्रेटरी सरकार होतो. कालपर्यंत ‘लिफ्ट बंद आहे, जिन्याने या’ लिहिणारा हा भला माणूस आज लिहितो: ‘सर्व सन्माननीय सभासदांस कळविण्यात येते की, संकुलातील ऊर्ध्व जलकुंभाच्या स्वच्छतेचे काम हाती घेण्यात येणार असल्याने पाणीपुरवठा खंडित राहील, तरी सभासदांनी सहकार्य करावे.’ ही मराठी मराठी घरांनाही कळत नाही. यात पाणी कधी बंद हे नाहीच, फक्त खंडित आहे. ज्या चार हिंदी घरांच्या भरवशावर आपण मराठी निवडली, ती चारही घरं या एका मेसेजात जातात. त्यांनी ‘पाणी बंद’ वाचून होकार दिला होता, ‘ऊर्ध्व जलकुंभ’ वाचून नव्हे.

बरा मेसेज असा असतो:

‘पाणी बंद: गुरुवार, 12 मार्च, सकाळी 10 ते दुपारी 4. ए आणि बी विंग. गच्चीवरची टाकी धुणार. फ्लशचं पाणी चालू राहील. सकाळी 9 पर्यंत बादल्या भरून ठेवा. 4 नंतर पहिलं पाणी थोडा वेळ सोडून द्या, क्लोरीनचा वास येईल.’

पहिल्या ओळीत काय आणि कधी, म्हणजे कुलूपबंद पडद्यावरही दिसतं. विंग, फ्लश, क्लोरीन तसेच ठेवले, कारण ते ४८ घरांत तेच आहेत. ‘फ्लशचं पाणी चालू राहील’ हे वाक्य नसेल तर हमखास नऊ प्रश्न येतात, तिन्ही भाषांत, आणि प्रत्येकाला लाज वाटत असल्यामुळे खासगीत येतात. सोसायटीत फ्लशची टाकी वेगळी नसेल तर अर्थातच ‘फ्लशलाही पाणी नाही’ असं लिहा, आणि त्यासाठी खरंच वेगळी आहे का ते प्लंबरला आधी विचारा. हे विचारायची भाषा ग्रुपवर ठरवायची गरज नाही.

आणि कळलं की नाही, ते कसं ओळखायचं? निळ्या टिकांवरून नाही. मेसेजच्या माहितीत कोणी उघडलं ते दिसतं, कोणी समजून घेतलं ते दिसत नाही. अंगठ्यांवरून तर मुळीच नाही. आमच्याकडे वारल्याच्या बातमीवरही सहा अंगठे पडतात. खरी खूण म्हणजे ज्याचं उत्तर मेसेजात आहे तोच प्रश्न पुन्हा येणं. तो एकाच विंगमधून किंवा एकाच भाषेतून पुन्हापुन्हा येत असेल, तर त्या घरांपर्यंत पोहोचलेलं नाही, मग तिथे आवाज पाठवा किंवा माणूस पाठवा. तो सगळीकडून येत असेल तर भाषा सोडा, वाक्य बिघडलंय. दुसरी खूण वॉचमनकडे असते. लोक ग्रुपवर विचारायचं सोडून गेटवर विचारायला लागले, की समजावं, सोसायटीची अधिकृत भाषा आता वॉचमन ठरवतो आहे. आणि तो बहुधा कोणत्याही सेक्रेटरीपेक्षा नीट सांगतो.

एक सावधगिरी. सर्वसाधारण सभेची नोटीस, ठराव, दंडाची पत्रं ही ग्रुपची कामं नव्हेत. वार्षिक सभेला आदर्श उपविधींनुसार पूर्ण १४ दिवसांची नोटीस लागते. ती कागदावर निघते, बोर्डावर लागते आणि रजिस्ट्रारकडे जाते. ग्रुपवर टाकलेली ती फक्त आठवण. काही ॲडमिनना भाषा ठरल्याच्या आनंदात वाटतं, की आता सगळं ग्रुपवरच होणार. पुढे सभेला कोणी आक्षेप घेतला की ‘मी तर अंगठा दिला होता’ हा पुरावा फार पुढे जात नाही.

भांडणाला हा नियम लागू करू नये. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर एप्रिलमध्ये निघाला आणि जून संपता संपता मागे गेला. सरकारला तसं मागे येता येतं. ग्रुपवर रागाच्या भरात लिहिलेलं वाक्य दोन दिवसांनी पुसताही येत नाही, आणि त्याआधीच त्याचा स्क्रीनशॉट डोंबिवलीपर्यंत गेलेला असतो. तेव्हा सभासद ज्या भाषेत चिडेल त्या भाषेत त्याला चिडू द्यावं. कमिटीने मराठीत एकच ओळ लिहावी, ‘रविवारी सकाळी 11 ला ऑफिसात या, बोलू.’ या ओळीला हिंदीत उत्तर आलं तरी येणारा माणूस येतोच, आणि ऑफिसात आल्यावर दोघं मिळून अशा हिंदीत बोलतात की लखनौच्या प्राध्यापकांनी ऐकू नये.

राहिला प्रश्न हा नियम जाहीर करण्याचा. तो मराठीत जाहीर केला तर ज्यांच्यासाठी खुलासा आहे त्यांनाच कळणार नाही. म्हणून हा एक मेसेज तिन्ही भाषांत लिहायचा. यापुढे कमिटीचं उत्तर मराठीत येईल, तुम्ही कोणत्याही भाषेत विचारा, वाचायला अडचण असेल तर या नंबरवर सांगा, आवाज पाठवू. हिंदीचा मजकूर सी-४०२ मधल्या प्राध्यापकांकडून तपासून घ्यावा. त्यांना बरं वाटेल आणि ‘आप’ही लागेल. मेसेज पिन करावा. पिन जास्तीत जास्त ३० दिवस टिकते, म्हणून तोच मजकूर ग्रुपच्या वर्णनातही टाकून ठेवावा. वर्णन कोणीही वाचत नाही, पण पुढच्या टाकीच्या वेळी कोणी ‘हे कधी ठरलं?’ विचारलं, तर तिथे बोट दाखवता येतं.